स्पर्धा-दडपण

स्पर्धेच्या किंवा नाटकाच्या प्रयोगाच्या तोंडावर छाती धडधडणे, तोंडाला कोरड पडणे, पोटात गोळा येणे आणि ‘चुकलं तर?’ हा विचार मनातून न हटणे, या अवस्थेला स्पर्धा-दडपण म्हणतात. नटाच्या बाबतीत तेच रंगभय. यातली शरीराची धडधड आणि मनातली धास्ती वेगवेगळ्या आहेत; धडधड असूनही मन शांत राहू शकते.

यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे एक कल्पना रुजली: उत्तेजना वाढते तशी कामगिरी सुधारते, पण एका टप्प्यानंतर ढासळते, काम जितके अवघड, तितका तो टप्पा लवकर येतो. प्रत्येकाची इष्ट पातळीही वेगळी असते. कोल्हापुरात याची दोन्ही टोके दिसतात. खासबाग मैदानात पैलवान अंगाला माती लावतो, शड्डू ठोकतो आणि स्वतःला चेतवतो. नेमबाजाला मात्र चेतणे परवडत नाही. ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते, आणि नाडीच्या ठोक्यानेही रायफल हलते.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले. अंतिम फेरीच्या सकाळी त्याने फक्त काळा चहा घेतला होता, आणि ठोके खूप वाढले होते, असे त्याने नंतर सांगितले. तरी त्याने वेगळे काही करायचे टाळले आणि श्वासावर ताबा ठेवला. ठोके उतरायची वाट न पाहता नेहमीचाच क्रम धरणे, हे यातले मर्म आहे.

हा क्रम साधारण असा असतो: बैठक तपासायची, डोळे क्षणभर मिटून उघडायचे आणि नळी आपसूक लक्ष्याकडेच राहते का ते पाहायचे, अर्धा श्वास सोडून थांबायचे, मग चाप हळू दाबायचा. आठ-दहा सेकंदांत नेम स्थिरावला नाही तर रायफल खाली घेऊन पुन्हा पहिल्यापासून. दडपण चढले की आधी बिघडतो तो हा वेळ. खेळाडू एक तर घाई करतो, नाहीतर नेम धरून ताटकळतो आणि हात कापू लागतो. सरावातला वेळ नोंदलेला असेल तर प्रशिक्षकाला हे लगेच कळते.

कोल्हापुरी बोलीत ‘तालीम’ म्हणजे आखाडाही आणि नाटकाचा सरावही. तिसरी तालीम मनात होते. ती आडवे पडून करण्यापेक्षा जॅकेट घालून, रायफल हातात घेऊन, खऱ्या वेळेइतकाच वेळ घेऊन केलेली बरी. मनातली गोळी चार सेकंदांत सुटत असेल आणि खरी आठ सेकंदांत, तर मधल्या पायऱ्या गळताहेत असे समजावे. छातीची धडधडही त्या चित्रात हवी. नुसते पदक डोळ्यांसमोर आणल्याने हाताला काही शिकायला मिळत नाही. मनातली तालीम प्रत्यक्ष सरावाला जोड देते, त्याची जागा घेत नाही.

ठोके मंदावणारी आणि कंप थांबवणारी बीटा-ब्लॉकर औषधे काही वादक डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतात. नेमबाजीत मात्र ती स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही प्रतिबंधित आहेत.