डोळ्यांखालचा काळेपणा: त्वचेचा किती, उजेडाचा किती?

माझ्या आत्येबहिणीने एकाच दिवशी काढलेले स्वतःचे दोन फोटो मला दाखवले. पहिला इमारतीच्या लिफ्टमधला होता आणि त्यात दोन्ही डोळ्यांखाली काळसर चंद्रकोरी स्पष्ट दिसत होत्या. दुसरा घरच्या खिडकीसमोरचा होता आणि त्यात त्या चंद्रकोरी जवळजवळ नव्हत्याच. तिचा प्रश्न साधा होता: यातला खरा चेहरा कोणता? उत्तर असे की दोन्ही खरेच आहेत, कारण कॅमेरा त्वचेचा रंग थेट नोंदवत नाही. त्वचेवर किती उजेड पडला आणि त्यातला किती तिने परत पाठवला, या दोहोंचा गुणाकार तो नोंदवतो. एखादी जागा फोटोत काळी दिसते, तेव्हा तिथे उजेड कमी पोहोचला असेल किंवा पोहोचलेला उजेड त्वचेने जास्त शोषला असेल. एकट्या फोटोवरून या दोन शक्यतांमध्ये निवड करणे अवघड असते. उजेड बदलून दुसरा फोटो काढला की मात्र निवड करता येते.

लिफ्टमधला दिवा बरोबर डोक्यावर असतो. वरून येणारा उजेड कपाळ, नाकाचा दांडा आणि गालाचे उंचवटे यांवर नीट पडतो, पण भुवईचे हाड डोळ्याच्या खोबणीवर छपरासारखे आडवे येते. त्याखाली, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे तिरकी उतरणारी एक खाच असते. तिथे पापणीची पातळ त्वचा संपून गालाची जाड त्वचा सुरू होते, आणि आतून एक बंध त्वचेला हाडाशी धरून ठेवतो. वयानुसार गालातली चरबी विरळ होते व खाली सरकते, तशी ही खाच खोल दिसू लागते. खाचेचा उतार दिव्यापासून जितका वळलेला, तितका त्याला उजेड कमी मिळतो: उजेड त्वचेवर सरळ पडला तर पूर्ण पोहोचतो, पण लंबापासून ६० अंश कलून पडला तर निम्माच. म्हणजे आजूबाजूच्या त्वचेशी रंगात काहीही फरक नसताना ती जागा निम्म्या उजेडाची होऊ शकते. भर दुपारी उन्हात काढलेल्या फोटोतही हेच घडते.

रंगद्रव्यामुळे आलेला काळेपणा वेगळा ओळखू येतो. मेलॅनिन जास्त साठलेली त्वचा तपकिरी दिसते, तिचा डाग बहुधा खाचेची रेघ न धरता पापणीभर पसरतो आणि पुष्कळदा वरच्या पापणीवरही असतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत हा प्रकार बराच आढळतो. काहींच्या घराण्यातच तो असतो, तर काहींना ॲलर्जीमुळे डोळे सतत चोळण्याच्या सवयीने येतो. याखेरीज निळसर-जांभळी झाक असते. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असल्याने आतला स्नायू आणि रक्तवाहिन्या तिच्यातून डोकावतात. त्वचा बोटाने हलकेच बाजूला ताणली तर सावली फिकी होते, तपकिरी डाग बहुतेक तसाच राहतो आणि जांभळी झाक उलट थोडी गडद होते. ही परीक्षा त्वचारोगतज्ज्ञही वापरतात. मात्र ती अगदी हलक्या हाताने करावी.

फोटोंची परीक्षा यापेक्षाही सोपी आहे. फोनमधले चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर बंद करावेत, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरावा आणि पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून ठेवून एक्स्पोजर कुलूपबंद करावे, नाहीतर प्रत्येक फोटोत फोन उजेडाचा हिशेब पुन्हा मांडतो. पहिला फोटो छताच्या दिव्याखाली काढावा. दुसरा त्याच जागी, हनुवटीखाली छातीच्या उंचीवर मोठा पांढरा कागद आडवा धरून काढावा. (स्टीलची थाळी नको. ती आरशासारखी वागते आणि उजेड एकाच ठिकाणी फेकते.) कागदावरून उसळलेला उजेड खालून खाचेत शिरतो. दोन फोटोंमध्ये जेवढा काळेपणा कमी झाला तेवढा सावलीचा होता. तिसरा फोटो दिवसा, थेट ऊन नसलेल्या खिडकीकडे तोंड करून काढावा. मोठ्या खिडकीतून उजेड समोरून व अनेक दिशांनी येतो, त्यामुळे सावल्यांना जागा फारशी उरत नाही आणि जे उरते ते बहुतांशी त्वचेचे असते.

ज्यांना आकडे पाहायला आवडतात त्यांच्यासाठी आणखी एक खूण आहे. फोटो संपादनाच्या ॲपमध्ये एखाद्या ठिपक्याचा लाल, हिरवा आणि निळा अंश वाचता येतो. समजा गालावर हे अंश २००, १५०, १२० आहेत. डोळ्याखाली ते १४०, १०५, ८४ आले, तर तिन्ही ७० टक्क्यांवर उतरले. सावली साधारण अशी वागते, कारण ती सर्व रंगांचा उजेड सारख्याच प्रमाणात कमी करते. पण तिथे १६०, १०५, ७२ आले, तर लाल ८० टक्क्यांवर, हिरवा ७० वर आणि निळा ६० वर आला. निळा उजेड अधिक खाणे हा मेलॅनिनचा गुण आहे. मात्र या हिशेबावर फार विसंबू नये. सावलीत आजूबाजूचा उसळलेला उजेड शिरतो, त्यामुळे शेजारी लाल भिंत असेल तर सावलीही लालसर होते, आणि उघड्या आकाशाखाली ती निळसर होते.

डोळ्याखालचा फुगवटा हा आणखी एक प्रकार रंगाचा मुळीच नाही, तो आकाराचा आहे, आणि फोटोत तो सर्वाधिक फसवतो. वरून उजेड आला की फुगवट्याचा माथा उजळतो आणि त्याच्या खालच्या कडेला काळी रेघ पडते. पाहणाऱ्याला ती रेघच काळे वर्तुळ वाटते. खालून टॉर्च धरली तर चित्र उलटते: खालचा उतार उजळतो आणि काळेपणा वर सरकतो. तपकिरी डाग दोन्ही वेळी आपल्या जागीच राहतो. उलट खिडकीसमोरच्या सपाट उजेडात फुगवटा जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून त्याच्यासाठी चेहरा थोडा वळवून, एका बाजूने येणाऱ्या उजेडात फोटो घ्यावा. तो पाण्याचा की चरबीचा हे मात्र घड्याळ सांगते. रात्री आडवे झाल्यावर साठलेले पाणी सकाळी जास्त दिसते आणि उभे राहून वावरल्यावर ओसरते. खारट जेवण किंवा रडणे झाले असेल तर अधिकच. डोळ्यामागची चरबी धरून ठेवणारा पडदा सैल होऊन पुढे आलेली चरबी संध्याकाळीही तशीच असते आणि नजर वर नेल्यास बहुधा जास्त उठून दिसते. सूज अचानक आली, एकाच डोळ्याला आली किंवा तिच्यासोबत दुखणे वा पायांवरही सूज असेल, तर फोटो काढत न बसता डॉक्टरांकडे जावे.

बहिणीने हे सगळे एका रविवारी करून पाहिले. कागद धरल्यावर चंद्रकोरी बऱ्याच पुसल्या गेल्या, म्हणजे त्या मुख्यतः खाचेच्या सावल्या होत्या. खिडकीसमोर आतल्या कोपऱ्याजवळ आणि वरच्या पापणीवर फिकट तपकिरी छटा तेवढी उरली. सकाळी सात आणि संध्याकाळी सातच्या फोटोंत फुगवट्यात फरक आढळला नाही. ती काही महिने त्वचा उजळणारी क्रीम लावत होती, आणि अशी क्रीम सावलीवर चालणे शक्यच नाही. शिवाय त्या डबीवरच्या घटकांत स्टेरॉइड होते, जे दीर्घकाळ लावले तर त्वचा अधिक पातळ करते आणि रक्तवाहिन्या जास्त दिसू लागतात. ती डबी घेऊन ती त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली, आणि सोबत तिने खिडकीसमोरचा फोटो नेला, लिफ्टमधला नाही.