चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज: तारखा, कागदपत्रे आणि चार निबंध

ब्रिटनमध्ये एक वर्षाची पदव्युत्तर पदवी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे माहितीपत्रक आम्ही तयार केले आहे. परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या अनेक आहेत. त्यांतील चेव्हनिंग या एकाच शिष्यवृत्तीचा विचार येथे केला आहे, कारण आमच्या कार्यालयात सर्वाधिक विचारणा हिचीच होते आणि सर्वाधिक गैरसमजही हिच्याविषयीच आढळतात. ही शिष्यवृत्ती ब्रिटिश सरकारची असून 1983 पासून सुरू आहे. तीत शिक्षणशुल्क, दरमहा निर्वाहभत्ता, येण्याजाण्याचे विमानभाडे आणि व्हिसाचा खर्च यांचा समावेश होतो. एमबीएच्या शुल्काला मात्र मर्यादा आहे आणि त्यावरची रक्कम विद्यार्थ्याला स्वतः भरावी लागते.

आधी पात्रता: 2,800 तासांचा हिशेब

पदवी पूर्ण झालेली असणे आणि किमान दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव असणे ही मुख्य अट आहे. अभ्यासक्रमाचाच सक्तीचा भाग म्हणून केलेली इंटर्नशिप या हिशेबात धरली जात नाही. आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही केवळ पदवीनंतरचे तास मोजण्यास सांगतो, कारण तेवढ्यावर आकडा पुरा होत असेल तर पुढे शंकेला जागा राहत नाही.

हिशेब कसा चुकतो, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. माण तालुक्यात पाणलोटाचे काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला असलेली एक स्थापत्य अभियंता मुलगी ऑगस्टमध्ये आमच्याकडे आली, असे समजू. आठवड्याला 40 तास आणि 60 आठवडे असे धरून तिने 2,400 तास लिहून आणले आहेत. नियुक्तिपत्र पाहिल्यावर लक्षात येते की संस्थेत जाणे-येणे सुरू झाल्यानंतर चार आठवड्यांनी तिची रीतसर नेमणूक झाली, म्हणजे प्रत्यक्षात 56 आठवडे आणि 2,240 तासच कागदावर सिद्ध होतात. मात्र पदवी मिळाल्यापासून ती दर रविवारी एका अभ्यासिकेत आठ तास विनामोबदला शिकवते, हे तिने लिहिलेलेच नसते, कारण पगार नसलेले काम मोजायचे नसते असा तिचा समज असतो. असे 70 रविवार धरले की 560 तास होतात आणि एकूण आकडा नेमका 2,800 वर येतो. इतक्या काठावरच्या आकड्यावर अर्ज करणे आम्हाला योग्य वाटत नाही. तिने आणखी सहा आठवडे नोकरी करून सप्टेंबरअखेर अर्ज केला, तर नोकरीचेच 240 तास वाढतात आणि बेरीज 3,040 होते. अभ्यासिकेच्या चालकांकडून कालावधी आणि तास नमूद केलेले पत्र तिने त्याच सुमारास घेऊन ठेवावे, कारण पडताळणीच्या वेळी तोंडी सांगितलेले काम कोणी ग्राह्य धरत नाही.

मुदत: मागच्या वर्षीची तारीख गृहीत धरू नये

अर्ज साधारणपणे ऑगस्टच्या सुरुवातीला खुले होतात. अंतिम तारीख मात्र दरवर्षी तीच नसते. 2024 मध्ये ती 5 नोव्हेंबर होती आणि 2025 मध्ये 7 ऑक्टोबर झाली, म्हणजे जवळजवळ एक महिना कमी झाला. दादाने किंवा ताईने दिवाळीच्या सुट्टीत अर्ज भरला होता म्हणून आपणही तसेच करू, असे ठरवणाऱ्यांची संधी अशा वर्षी हुकते. म्हणून तारीख दरवर्षी chevening.org या संकेतस्थळावरच पाहावी.

अर्ज त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत भरता येईल असे समजू नये, कारण मुदत दुपारी बाराला संपते. हे बारा लंडनच्या घड्याळाचे की जागतिक प्रमाणवेळेचे, हेही नीट वाचावे लागते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात, त्यामुळे तोवर लंडनचे दुपारचे बारा म्हणजे भारतातील साडेचार, तर प्रमाणवेळेचे बारा म्हणजे साडेपाच. या एका तासाच्या भरवशावर न राहता अर्ज दोन दिवस आधी पाठवावा, असा आमचा आग्रह असतो. एकदा पाठवलेल्या अर्जातील निबंध पुन्हा दुरुस्त करता येत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

त्यानंतरचा काळ प्रतीक्षेचा असतो. निवडलेल्यांच्या मुलाखती पुढील वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत होतात आणि निकाल साधारण जूनपासून कळू लागतात. या काळात स्वस्थ बसता येत नाही, कारण विद्यापीठातील प्रवेश ही पूर्णपणे स्वतंत्र प्रक्रिया आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात तीन अभ्यासक्रम नोंदवावे लागतात, आणि जुलैमध्ये ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत त्यांपैकी किमान एकाकडून विनाअट प्रवेशपत्र हाती यावे लागते. शिष्यवृत्ती मिळाली पण प्रवेशपत्रावर ‘अंतिम गुणपत्रक सादर केल्यास’ अशी अट तशीच राहिली, तर मिळालेली शिष्यवृत्ती हातची जाते. त्यामुळे तिन्ही विद्यापीठांचे अर्ज शिष्यवृत्तीच्या निकालाची वाट न पाहता हिवाळ्यातच करावेत.

कागदपत्रे: अडचण बहुधा नावात असते

पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांची गुणपत्रके, विद्यापीठाच्या शिक्क्याची ट्रान्सक्रिप्ट, दोन शिफारसपत्रे आणि विद्यापीठाला हवी असल्यास इंग्रजीची परीक्षा एवढी कागदपत्रे शिष्यवृत्ती आणि प्रवेश मिळून लागतात. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षेच ग्राह्य असतो. काही ब्रिटिश विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीतील गुणांवर ही परीक्षा माफ करतात, म्हणून शुल्क भरण्याआधी आपल्या तिन्ही विद्यापीठांचे नियम पाहून घ्यावेत. ट्रान्सक्रिप्टसाठी काही आठवडे सहज लागतात, त्यामुळे तिचा अर्ज सर्वांत आधी करावा.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची खरी अडचण नावांत असते. आपल्याकडील गुणपत्रकावर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव आणि बऱ्याचदा शेवटी आईचेही नाव छापलेले असते. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा असतो. त्यात कोणी वडिलांचे नाव घातलेले असते, तर कोणी वगळलेले. पदवी प्रमाणपत्रावर एखाद्या अक्षराचा फरक असतो, आणि लग्नानंतर पासपोर्ट नव्या नावाने काढलेला असेल तर दोन कागदांवरील व्यक्ती एकच आहे हे परदेशातील कर्मचाऱ्याला कळण्याचा काहीच मार्ग राहत नाही. अर्जात नाव सर्वत्र पासपोर्टप्रमाणेच लिहावे. केवळ क्रम वेगळा असेल तर सहसा अडत नाही. स्पेलिंग वेगळे असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून त्याची इंग्रजी प्रत जवळ ठेवावी. नावच बदललेले असेल, तर राजपत्रातील नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागते. ही कामे जुलैत निघाली तर फार धावपळ होते, म्हणून आम्ही पहिल्याच भेटीत सर्व कागद टेबलावर एका ओळीत मांडून नावे अक्षर अक्षर ताडून पाहतो.

शिफारसपत्र देणारी व्यक्ती पदाने मोठी असण्यापेक्षा आपले काम जवळून पाहिलेली असावी. ज्यांनी आपल्याला दोनदाच पाहिले आहे अशा मान्यवरांचे पत्र वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

चार निबंध

निबंध इंग्रजीत लिहावयाचे असतात आणि त्यांचे विषय ठरलेले असतात: नेतृत्व, माणसे जोडणे, ब्रिटनमधील अभ्यासक्रमाची निवड आणि पुढील कामाची योजना. शब्दमर्यादा त्या वर्षीच्या अर्जातच पाहावी. बहुतेकांचे पहिल्या निबंधावरच अडते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

वर उल्लेख केलेल्या मुलीने पहिल्या मसुद्यात लिहिले, ‘मला लहानपणापासून समाजकार्याची आवड आहे आणि माझ्या नेतृत्वाखाली गावात जलसंधारणाचे मोठे काम झाले.’ या वाक्यात खोटे काहीच नाही, पण ते कोणाच्याही अर्जात चालून जाईल. तिच्याशी तासभर बोलल्यावर खरी घटना बाहेर येते. विहिरींच्या पाण्याची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजून फळ्यावर लिहावी, असा तिचा प्रस्ताव होता. ज्यांच्या विहिरींना पाणी जास्त होते, त्यांचा त्याला विरोध होता, कारण आकडा जाहीर झाला की शेजारी पाणी मागणार. तिने ग्रामसभेत वाद घातला नाही. ती आधी अशा दोन शेतकऱ्यांच्या घरी गेली, मालकाचे नाव न लिहिता केवळ विहिरीचा क्रमांक लिहिण्याची तडजोड काढली, आणि मोजणीची दोरी त्या दोघांच्याच हाती दिली. तिसऱ्या महिन्यापासून उरलेलेही नोंद देऊ लागले. नेतृत्व म्हणून परीक्षकांना हेच वाचायचे असते: अडचण कोणती होती, कोणाचे मन वळवावे लागले, आपण नेमके काय केले आणि त्याने काय बदलले. ‘आम्ही केले’ या शब्दांमागे आपला वाटा झाकला जात असेल, तर तेथे ‘मी’ लिहिण्यास संकोच करू नये. आपल्याकडील मुलांना हे जड जाते, असा आमचा अनुभव आहे.

माणसे जोडण्याविषयीच्या निबंधात ओळखींची संख्या सांगून उपयोग होत नाही. याच मुलीने भूजलाची माहिती मागण्यासाठी एका सरकारी अधिकाऱ्यांना पत्र लिहिले आणि पुढे आपल्या नोंदी त्यांना दर महिन्याला पाठवल्या. मागणे आणि देणे अशा दोन्ही बाजू दिसल्याने ही एकच ओळख निबंधाला पुरेशी आहे.

तिसऱ्या निबंधात विद्यापीठाचे मानांकन आणि इमारतींचे कौतुक नको. अभ्यासक्रमातील कोणता विषय आपल्या कामातील कोणती उणीव भरून काढील, ते लिहावे. तिन्ही निवडी एकमेकींशी सुसंगत असाव्यात. एक जलव्यवस्थापनाची, दुसरी वित्ताची आणि तिसरी माध्यमांची निवड असेल, तर उमेदवाराचेच अजून ठरलेले नाही असे दिसते.

चौथ्या निबंधाआधी एक अट घरात सर्वांनी मिळून वाचावी. अभ्यासक्रम संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी परतणे या शिष्यवृत्तीत बंधनकारक आहे. शिक्षणानंतर तेथेच नोकरी करण्याचा बेत असेल, तर ही शिष्यवृत्ती आपल्यासाठी नाही, आणि हे आम्ही पहिल्या भेटीतच सांगतो. परतणार असाल, तर पहिल्या दोन वर्षांत कोठे आणि कोणत्या पदावर काम करणार हे ठिकाणासह लिहावे. ‘देशसेवा करीन’ एवढ्याने परीक्षकाला काहीच कळत नाही.

आमचे काम आणि त्याची मर्यादा

आम्ही तास आणि नावे पडताळतो, तारखांचे वेळापत्रक करून देतो आणि निबंध वाचून प्रश्न विचारतो. निबंध लिहून देत नाही. अर्जांतील मजकूर दुसरीकडून उचलला आहे का, हे तपासले जाते आणि तसे आढळल्यास अर्ज बाद होतो. चेव्हनिंग अर्जासाठी कोणतेही शुल्क आकारत नाही, त्यामुळे त्या नावाखाली कोणी पैसे मागत असल्यास देऊ नयेत. पहिल्या भेटीला येताना पासपोर्ट, शेवटच्या सत्राचे गुणपत्रक, पदवी प्रमाणपत्र आणि प्रत्येक नोकरीचे नियुक्तिपत्र यांच्या मूळ प्रती आणाव्यात. आठवड्याचे तास स्वतः मांडून आणले, तर अर्ज याच वर्षी करावा की पुढच्या, हे त्याच बैठकीत ठरवता येते.