सोलापूरच्या फोटोतला ‘रेव्हन’

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटावर सूर्यास्ताच्या सुमारास काढलेले तीन फोटो शेजारच्या एका कॉलेजकुमाराने मला दाखवले. पहिल्यात एक काळाकुट्ट पक्षी बसलेला होता, त्याच्या लगत एक पारवा होता, आणि पुढच्या दोन फोटोंत तोच पक्षी सिद्धेश्वर तलावावरून उडताना दिसत होता. “काका, हा रेव्हनच ना?” असे त्याने विचारले. अंगभर काळा रंग आणि टोकदार वाटणारी शेपटी, ही त्याची कारणे होती.

हा गोंधळ थोडा भाषेचाही आहे. रेव्हन हा कावळ्याच्याच कुळातला, पण बराच मोठा पक्षी; त्याचा मराठी अर्थ म्हणून अनेकदा ‘डोमकावळा’ असे लिहिले जाते, पण आपल्याकडचा डोमकावळा हा वेगळा पक्षी आहे. भारतात रेव्हन आढळतो तो वायव्येकडच्या कोरड्या पट्ट्यात आणि हिमालयाच्या उंच भागात. त्यामुळे सोलापुरात प्रश्न मुख्यतः दोघांचा असतो, गावकावळा की डोमकावळा. कावळ्याच्याच कुळातला टकाचोर तांबूस अंगामुळे आणि लांबलचक शेपटीमुळे लगेच वेगळा पडतो. दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल आणि लाल डोळ्यांचा, फिक्कट हिरवट चोचीचा नर कोकीळ काळे असले, तरी ते या कुळातले नाहीत.

आकार ठरवायला पारवा उपयोगी पडला. पारव्याची लांबी साधारण 33 सेंटिमीटर असते. स्क्रीनवर पट्टी धरून मोजले, तेव्हा पारवा 6.6 सेंटिमीटर आणि काळा पक्षी 8.4 सेंटिमीटर भरला, म्हणजे त्याची खरी लांबी 42 सेंटिमीटरच्या आसपास आली. रेव्हन साठ सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठा असतो, म्हणून तो असता तर पारव्याच्या जवळजवळ दुप्पट दिसला असता. मात्र गावकावळा 42-43 आणि डोमकावळा 48 सेंटिमीटरच्या घरात असल्याने त्या दोघांतला निवाडा या मोजमापावर सोडता येत नाही, कारण पक्ष्याने मान आखडली किंवा तो थोडा तिरका बसला, की तेवढा फरक सहज पुसला जातो. शिवाय दोन्ही पक्षी कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असले पाहिजेत, नाही तर पुढचा उगाच थोराड दिसतो.

खरा निर्णय मानेवर होता. गावकावळ्याचे कपाळ, चेहरा आणि गळा काळे असतात, आणि कानामागून मान, पाठीचा वरचा भाग व छाती यांवर राखाडी पट्टा उतरतो. उजेड पक्ष्याच्या पाठीमागून आला, की कॅमेरा आकाश नीट टिपतो आणि पक्ष्याला नुसती सावली करून टाकतो, त्यामुळे राखाडी रंगही काळ्यात बुडतो. फोन‌मधल्या साध्या एडिटिंगमध्ये फक्त सावल्यांचा भाग उजळल्यावर पहिल्या फोटोत डोक्याच्या मागे एक स्पष्ट कड उमटली, वर काळे आणि खाली राखाडी. उलट प्रकारही होतो, भर दुपारच्या फोटोत डोमकावळ्याची चकाकती पिसे पांढुरकी दिसतात. पण ती चमक पंखांवर आणि पाठीवरही पसरलेली असते आणि पुढच्या फोटोत जागा बदलते, तर गावकावळ्याची राखाडी कड तिच्या जागीच राहते. म्हणून मानेसाठी मी एका फोटोवर कधी विसंबत नाही.

चोच पाहायची ती पक्षी अगदी बाजूने दिसत असेल आणि चोच मिटलेली असेल तेव्हाच. डोमकावळ्याची चोच बुडाशी जाडजूड असून तिची वरची कड टोकाकडे ठळक वाकते, गावकावळ्याची तुलनेने सडपातळ असते. रेव्हनची चोच तर आणखी भक्कम, तिच्यावर नाकपुड्यांजवळची राठ पिसे जवळजवळ निम्म्या लांबीपर्यंत येतात, आणि गळ्याखाली पिसांचा झुपका लोंबतो. आमच्या पक्ष्याची चोच मध्यम होती आणि गळा गुळगुळीत होता.

राहिली ती टोकदार शेपटी. रेव्हनची शेपटी पसरल्यावर पाचरीसारखी दिसते, मधली पिसे सर्वांत लांब आणि बाजूची क्रमाने आखूड होत गेलेली. आपल्या दोन्ही कावळ्यांच्या शेपटीची कड पसरल्यावर गोलसर असते, पण मिटलेली शेपटी तिरक्या कोनातून कोणाचीही टोकदार दिसू शकते. पिसे झडून नवी येत असतील, तर तिथे खाचा पडून आकार आणखीच फसवा होतो. दुसऱ्या फोटोत शेपटी मिटलेली होती, म्हणून त्या मुलाला ती पाचर वाटली. तिसऱ्या फोटोत पक्षी वळताना शेपटी पंख्यासारखी उघडली होती आणि तिची कड स्पष्टपणे गोलसर होती. त्याने फाइलचे नाव तिथल्या तिथे बदलून ‘गावकावळा, किल्ला, संध्याकाळ’ असे केले.