दसऱ्याची मी आणि 1 जूनची मी: शाखा व्यवस्थापकांना एक पत्र

मा. शाखा व्यवस्थापक साहेब,

विषय: माझ्या कागदपत्रांवरील दोन जन्मतारखा

स. न. वि. वि.

परवा केवायसीसाठी आले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने माझं आधार कार्ड आणि पेन्शनचा आदेश शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "आजी, यातली खोटी कुठली?" आधारवर 14 ऑक्टोबर 1956 आहे. पेन्शनच्या आदेशावर, पॅनवर आणि तुमच्या खात्यात 1 जून 1956 आहे. मी म्हटलं, खोटी कुठलीच नाही. तिला ते पटलं नाही आणि मागे रांग वाढत होती, म्हणून घरी येऊन सविस्तर लिहिते आहे. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे पत्र जरा लांबेल.

पहिली तारीख जन्माची आहे. माझा जन्म सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, घरीच झाला. आई सांगायची, दसरा होता, पुरुषमाणसं सोनं लुटायला शिवेवर गेली होती, घरात सुईण आणि आजी तेवढ्या. तारीख तिला कधीच सांगता आली नाही. पण 1956 चा दसरा कधी होता हे शोधायला पंचांगही लागत नाही. त्याच दिवशी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. 14 ऑक्टोबर, रविवार.

कागदावर हे सापडलं ते फार उशिरा, 2004 मध्ये. पुतण्याच्या जात पडताळणीसाठी माझ्या भावाने तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना 14 चे उतारे काढले. हे गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर. आमच्याकडे सगळे त्याला कोतवाल बुकच म्हणतात. त्यात 14/10/56 समोर वडिलांचं नाव, जात आणि "मुलगी" एवढंच आहे. माझं नाव नाही, कारण नोंद झाली तेव्हा बारसंच झालं नव्हतं. अशा बहुतेक नोंदी बिननावाच्याच असतात. म्हणजे हा उतारा एवढंच सांगतो की त्या दिवशी त्या माणसाला मुलगी झाली. ती मुलगी मीच, हे दुसऱ्या कशाने तरी दाखवावं लागतं. माझ्या बाबतीत ते सोपं गेलं. वडिलांच्या नावापुढे मुलीच्या दोनच नोंदी आहेत आणि दुसरी 1959 ची, माझ्या धाकट्या बहिणीची.

दुसरी तारीख शाळेची आहे. 1962 च्या जूनमध्ये वडिलांनी मला पहिलीत बसवलं. गुरुजींना हवं होतं सहा वर्षांचं मूल आणि समोर उभी होती साडेपाच वर्षांची मी. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. तो धरता आला, म्हणून जनरल रजिस्टरला 1-6-56 लिहिलं गेलं, अंकात आणि अक्षरात. सहा वर्षं नेमकी भरली. पुढे शाळा सोडल्याचा दाखला याच रजिस्टरवरून निघाला, दाखल्यावरून नोकरीचं सेवापुस्तक, सेवापुस्तकावरून पेन्शनचा आदेश आणि त्यावरून तुमचं खातं. कागद पाच झाले, तरी तारीख लिहिली गेली एकदाच. बाकी सगळ्या नकला.

यात गुरुजींनी लबाडी केली असं मला म्हणवत नाही, कारण पुढे तेच मी केलं. वाड्यावस्त्यांवरच्या आया पोर घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "पाडव्याच्या आगेमागे झालंय बाई." मी 1 जून लिहायची. माझ्या हाताने किती मुलं 1 जूनला जन्मली याचा हिशेब नाही. तुमच्या शाखेतल्या पेन्शनरांची यादी एकदा जन्मतारखेवरून लावून बघा. निम्मा गाव एकाच दिवशी जन्मला की काय, असं वाटेल.

तेव्हा दोन्ही कागदांवर "जन्मतारीख" असाच रकाना असला, तरी दोघांचं काम वेगळं आहे. कोतवाल बुकाला घटना नोंदवायची होती: कोणाकडे, कधी, मुलगा की मुलगी. ते जन्माच्या जवळ लिहिलं गेलं, म्हणून दिवसाच्या बाबतीत त्याच्यावर जास्त भरवसा. पण माणूस कोण, याबाबत ते मुकं आहे. शाळेच्या रजिस्टरला वय मोजायचं होतं. ते जन्मानंतर साडेपाच वर्षांनी, अंदाजाने लिहिलं, म्हणून दिवसाच्या बाबतीत कच्चं. पण त्यात माझं नाव आहे, वडिलांचं आहे, नोंद क्रमांक आहे आणि तिथून आजवरची साखळी कुठे तुटत नाही.

मग मी नोकरीत असतानाच तारीख का दुरुस्त केली नाही, हा पुढचा प्रश्न येईल. महाराष्ट्र नागरी सेवेच्या 1981 च्या नियमांत सेवापुस्तकातली जन्मतारीख बदलायचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. मी लागले 1978 ला आणि उतारा हातात पडला 2004 ला. शाळेच्या रजिस्टरमध्ये बदल करायचा तर तो मूल शाळेत आहे तोवरच. दोन्ही दारं बंद झालेली.

त्या 1 जूनची किंमत मी मोजलेली आहे. महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून मी 31 मे 2014 ला 58 ची झाले आणि घरी बसले. दसऱ्याची तारीख लागली असती तर 31 ऑक्टोबरपर्यंत शाळेत असते. पाच महिन्यांचा पगार गेला तो गेलाच. त्याहून मोठं दुखणं म्हणजे सहाव्या वेतन आयोगात वार्षिक वेतनवाढ सगळ्यांची 1 जुलैला असायची. मी एका महिन्याने हुकले. वीस हजारांच्या मूळ पगारावर तीन टक्के म्हणजे सहाशे रुपये, आणि पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी, म्हणून महिन्याला तीनशे कमी. वर महागाई भत्ता धरायचा तो वेगळाच. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. दोन तारखांपैकी फायद्याची निवडली असा संशय असेल, तर आकडे समोर असावेत.

आता आधारचं. आधार शिबिर गावात आलं तेव्हा माझा मुलगा तो उतारा घेऊन गेला आणि "आईची खरी तारीख" म्हणून त्याने हौसेने तीच लिहून दिली. पोराचा हेतू चांगला होता. पण आधार हा तिसरा साक्षीदार नाही, सांगितलेलं पुन्हा सांगणारा आहे. आता तर नव्या कार्डांवरच छापून येतं की हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अपघाताच्या भरपाईचा एक खटला होता. मृताच्या शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि आधारवर दुसरी. न्यायालयाने वय ठरवायला शाळेचा दाखला धरला. माझी निवडणूक ओळखपत्राची गंमत तर वेगळीच. त्यावर तारीख नाहीच, "1-1-1995 रोजी वय 38" एवढं आहे. दोन्ही तारखांनी ते बरोबर येतं.

बँकेला या साडेचार महिन्यांनी फरक कधी पडतो, तेही मी बसून काढलं. एकदा साठाव्या वर्षी. जुलै 2016 मध्ये मी तुमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांच्या दराने ठेव ठेवली होती. पेन्शनच्या आदेशाप्रमाणे मी तेव्हा साठ पूर्ण केलेली, आधारप्रमाणे एकोणसाठ वर्षं नऊ महिन्यांची. तुमच्या खात्यात 1 जून आहे, म्हणून दर बरोबर दिला गेला. पुढची अशी खिडकी 2036 च्या जून ते ऑक्टोबरमध्ये, मी ऐंशीची होईन तेव्हा. देव करो आणि ती भांडणाची वेळ येवो. या दोन खिडक्या सोडल्या तर कुठल्याही तारखेने मी ज्येष्ठच आहे.

खरी अडचण वेगळीच निघाली. पॅनवर 1 जून, आधारवर 14 ऑक्टोबर, त्यामुळे दोघांची जोडणी होत नाही. पॅन निष्क्रिय, आणि म्हणून गेल्या वर्षी ठेवीच्या व्याजावर 20 टक्के टीडीएस कापला गेला. नियमाप्रमाणेच कापला, तक्रार नाही. पण दुरुस्ती कुठे करायची हे त्यावरून ठरलं.

काउंटरवर मला प्रतिज्ञापत्र करून आणा असं सांगितलं. ते सोबत जोडलं आहे, पण त्याचा अर्थ नेमका घ्यावा ही विनंती. या दोन्ही तारखांच्या कागदांवरची बाई एकच आहे, एवढंच ते सांगतं. माहेरचं आणि सासरचं नावही त्यातच जोडून घेतलं आहे. त्याने कुठली तारीख खरी ठरत नाही आणि कुठलाही कागद बदलत नाही. राजपत्रात छापून घ्या असं एका हितचिंतकाने सुचवलं होतं. छापून आलं असतं, पण पेन्शनचा आदेश जागचा हलला नसता.

म्हणून मी आधारवरची तारीख 1 जून करायला टाकली आहे. आधारमध्ये जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा तीनदा तपासून मगच अंगठा दिला. पावतीची प्रत सोबत आहे. माझी विनंती एवढीच की खात्यातली 1 जून 1956 ही तारीख आहे तशीच ठेवावी आणि आधारशी जुळवण्यासाठी ती बदलू नये. ती बदलली तर खातं पेन्शनच्या आदेशाशी जुळेनासं होईल आणि मला कोषागाराच्या पायऱ्या चढाव्या लागतील. गुडघे आता त्या तयारीचे नाहीत.

शाळा सोडल्याच्या दाखल्याची, पेन्शन आदेशाची, कोतवाल बुकाच्या उताऱ्याची आणि आधार पावतीची प्रत जोडली आहे. मूळ कागद घेऊन मी सोमवारी हयातीच्या दाखल्यावर सही करायला येणारच आहे, तेव्हा पडताळून घ्यावेत. त्या मुलीलाही माझा निरोप सांगा, तिचा प्रश्न रास्त होता.

कळावे,
आपल्या शाखेची खातेदार,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका

ता. क. घरी वाढदिवस आम्ही दसऱ्यालाच करतो. 1 जूनला तुमच्या बँकेचा शुभेच्छांचा एसएमएस येतो, तोही मी ठेवून देते.