दुधाच्या पिशवीवरील ‘३.०’ आणि ‘८.५’ : टोन्ड दुधाची पार्श्वभूमी

दुधाच्या पिशवीवर ‘टोन्ड’, ‘डबल टोन्ड’ किंवा ‘फुल क्रीम’ ही अक्षरे मोठी असतात, आणि त्यांच्या जवळ बारीक टाइपात दोन आकडे छापलेले असतात. टोन्ड दुधावर फॅट किमान ३.० टक्के आणि एसएनएफ किमान ८.५ टक्के असे लिहिलेले असते. डबल टोन्डवर हेच आकडे १.५ आणि ९.० होतात, तर फुल क्रीमवर ६.० आणि ९.०. फॅट म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ म्हणजे पाणी व स्निग्धांश वगळून दुधात उरणारे सारे घनपदार्थ, म्हणजे प्रथिने, दुग्धशर्करा, कॅल्शियम आणि इतर क्षार. डेअरीवर दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला हे दोन्ही शब्द तोंडपाठ असतात, कारण त्याचा दर त्यांवरच ठरतो; पिशवी विकत घेणारा मात्र बहुधा पहिल्याच आकड्याकडे पाहतो. वास्तविक टोन्ड दुधाचा सगळा इतिहास दुसऱ्या आकड्यात आहे.

त्याची सुरुवात मुंबईत झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर शहराची लोकसंख्या वेगाने वाढत होती. शहराला लागणारे बरेचसे दूध वस्तीतल्याच तबेल्यांतील म्हशींचे होते. ते महाग होते, अपुरे होते आणि त्यात पाणी घालण्याची प्रथा सर्रास होती. म्हशीचे दूध मुळातच दाट असल्यामुळे पाणी घातलेले चटकन ओळखू येत नसे, आणि ज्याला कमी पैशांत दूध हवे त्याच्या वाट्याला बहुधा असेच पातळ दूध येई. मुंबईच्या दूधपुरवठ्याची जबाबदारी सांभाळणारे दारा खुरोडी यांनी या स्थितीवर जो उपाय काढला, तो वरवर पाहता भेसळीच्या अगदी जवळचा वाटतो, कारण त्यातही म्हशीच्या दुधात पाणी घालायचे होते. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की पाण्यामुळे कमी होणारे घनपदार्थ साय काढलेल्या दुधाच्या भुकटीने मोजून परत भरायचे. १९४६ मध्ये असे दूध मुंबईत विक्रीस आले आणि पुढे कलकत्ता, मद्रास, दिल्ली या शहरांनीही तोच मार्ग धरला. खुरोडी यांना १९६३ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासह मिळाला.

या उपायातील हिशेब एकदा सविस्तर मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, १०० किलो म्हशीचे दूध आहे आणि त्यात फॅट ६ टक्के व एसएनएफ ९ टक्के आहे. म्हणजे ६ किलो फॅट आणि ९ किलो इतर घनपदार्थ. हे ६ किलो फॅट ३ टक्क्यांच्या प्रमाणात वाटायचे तर एकूण २०० किलो दूध तयार होते. पण केवळ १०० किलो पाणी घालून ते २०० किलो केले, तर एसएनएफ निम्म्यावर, म्हणजे ४.५ टक्क्यांवर येते. ते पाणी घातलेले दूधच झाले. २०० किलोमध्ये ८.५ टक्के एसएनएफ हवे असेल तर एकूण १७ किलो लागते. मूळ दुधात ९ किलो आहे, म्हणून उरलेले ८ किलो भुकटीतून आणावे लागते. भुकटीतही थोडा ओलावा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात सुमारे साडेआठ किलो भुकटी आणि साडेएक्क्याण्णव किलो पाणी मिसळावे लागते. याच पद्धतीने डबल टोन्ड करायचे ठरवले तर त्याच १०० किलोचे ४०० किलो होतात, मात्र त्यासाठी सुमारे २८ किलो भुकटी लागते. फॅट अर्ध्यावर किंवा पाव हिश्श्यावर आले तरी प्रथिने आणि कॅल्शियम जवळजवळ तेवढेच राहते आणि दुधाचा भाव आवाक्यात येतो, हे या योजनेचे मर्म होते.

तेव्हा ही भुकटी देशात तयार होत नव्हती, ती बाहेरून आणावी लागे. म्हशीच्या दुधाची भुकटी करता येईल की नाही याविषयीच शंका घेतली जाई. आणंद येथे डेअरी तंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ते करून दाखवले आणि १९५५ मध्ये तेथे भुकटीचा कारखाना सुरू झाला. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेतही युरोपीय आर्थिक समुदायाने देणगी म्हणून दिलेली भुकटी आणि बटर ऑइल यांपासून महानगरांसाठी दूध तयार केले गेले आणि त्याच्या विक्रीचा पैसा सहकारी दूध संघांच्या उभारणीत घातला गेला. आज बहुतेक डेअऱ्या गायी-म्हशींचे मिश्र दूध घेऊन यंत्राने जास्तीची साय काढतात आणि हवे ते प्रमाण साधतात. मात्र हिवाळ्यात दूध वाढले की भुकटी करून ठेवायची आणि उन्हाळ्यात ते आटले की तीच भुकटी वापरायची, हे चक्र चालूच आहे. त्यात लपवण्यासारखे किंवा अपायकारक काही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्न असतो तो प्रमाण पाळले जाते की नाही याचा.

हे प्रमाण कायद्यात आले ते १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांतून, आणि पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने ते आपल्याकडे घेतले. एसएनएफचा किमान आकडा नसता तर टोन्ड दूध आणि पाणी घातलेले दूध यांत कायद्याच्या दृष्टीने भेद करणे कठीण झाले असते. डबल टोन्डमध्ये फॅट निम्मे आणि एसएनएफची अट मात्र ८.५ वरून ९.० वर, हे म्हणूनच ध्यानात घेण्यासारखे आहे. साडेतीन टक्के फॅट आणि साडेआठ टक्के एसएनएफ असलेल्या गायीच्या दुधातून नुसती साय काढून फॅट १.५ वर आणले, तर एसएनएफ सुमारे ८.७ पर्यंतच चढते, ९.० गाठण्यासाठी भुकटी किंवा म्हशीचे दूध मिसळावेच लागते. अर्धा लिटरच्या पिशवीचे वजन सुमारे ५१५ ग्रॅम धरले तर फुल क्रीममध्ये साधारण ३१ ग्रॅम, टोन्डमध्ये साडेपंधरा ग्रॅम आणि डबल टोन्डमध्ये पावणेआठ ग्रॅम फॅट येते. लहान मुलासाठी किंवा वजन सांभाळण्यासाठी दूध निवडताना हा फरक खरा आहे. प्रथिनांच्या बाबतीत तो नगण्य आहे.

पिशवीच्या रंगावरून दूध ओळखण्याची आपली सवयही काचेच्या बाटल्यांच्या काळाकडे बोट दाखवते. बाटलीच्या झाकणावर दुधाचा प्रकार पूर्ण शब्दांत किंवा संक्षेपाने लिहावा, म्हणजे टोन्डसाठी ‘टी’, डबल टोन्डसाठी ‘डीटी’, पाश्चराइज्ड म्हशीच्या दुधासाठी ‘पीबी’, असा नियम होता. त्याला पर्याय म्हणून सूचक रंग वापरण्याची मुभा देण्यात आली, पण कोणता रंग कशासाठी हे विक्रेत्याने जाहीर करायचे होते. त्यामुळे एका संघाचा निळा म्हणजे दुसऱ्याचाही निळा, असे गृहीत धरता येत नाही. संघ बदलला की रंग विसरून आकडे वाचावेत. सायीच्या जाडीवरही विसंबू नये, कारण पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिले असेल तर स्निग्धाचे कण दाबाखाली फोडून दुधात सारखे पसरवलेले असतात आणि फॅट पुरेसे असूनही साय पातळ येते.

‘पाश्चराइज्ड’ आणि ‘यूएचटी’, म्हणजे ‘अल्ट्रा हाय टेम्परेचर’, हे शब्द दुधात किती फॅट आहे हे सांगत नाहीत, तर दुधाला किती उष्णता दिली हे सांगतात. टोन्ड दूध दोन्ही प्रकारांत मिळते. लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात वाइन बिघडू नये म्हणून मंद उष्णता देण्याची पद्धत शोधली, आणि ती दुधाला लागू झाली ती मुख्यतः क्षयासारखे रोग दुधातून पसरू नयेत म्हणून. आजच्या डेअरीत दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद ठेवून लगेच सुमारे ४ अंशांपर्यंत थंड करतात. ही उष्णता नीट लागली की नाही हे पाहण्यासाठी फॉस्फेटेज या दुधातल्याच विकराची चाचणी घेतात, कारण क्षयाचे जंतू मरण्यास लागते त्याहून किंचित जास्त उष्णता हे विकर नष्ट होण्यास लागते; ते सापडले नाही म्हणजे जंतूही उरले नाहीत. पण या उष्णतेने सर्व जंतू मरत नाहीत. काही उष्णता सोसणारे जंतू आणि बीजाणू मागे राहतात, आणि थंडी सुटली की वाढतात. म्हणून पिशवीवरील दोन दिवसांच्या आसपासची मुदत ही ‘५ अंशांखाली ठेवा’ या सूचनेसह वाचायची असते. पहाटे दुकानाबाहेर क्रेटमध्ये तासन्‌तास राहिलेल्या पिशवीला छापील तारीख लागू पडत नाही. थंडी कुठेही तुटली नसेल तर पाश्चराइज्ड दूध न उकळताही पिता येते. मात्र ती तुटली नाही याची खात्री घरी बसून देता येत नाही, म्हणून आपल्याकडे दूध तापवण्याची रीत आजही योग्यच आहे.

यूएचटी प्रक्रियेत दूध किमान १३५ अंशांवर नेतात, तेही अवघे काही सेकंद, आणि नंतर निर्जंतुक केलेल्या वेष्टनात निर्जंतुक हवेतच भरतात. ही दुसरी पायरी नसती तर पहिलीचा उपयोग झाला नसता. स्वीडनमधील टेट्रा पाक कंपनीने १९६० च्या दशकात कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर असलेल्या वेष्टनात असे दूध भरण्याची पद्धत बाजारात आणली. असे दूध बंद असताना फ्रीजबाहेर टिकते; पाऊचमध्ये साधारण ९० दिवस आणि ठोकळ्याच्या आकाराच्या डब्यात १८० दिवसांपर्यंतची मुदत आढळते. एवढा टिकाऊपणा पाहून त्यात टिकवण्यासाठी काहीतरी घातले असावे, अशी शंका पुष्कळ जण घेतात. ती निराधार आहे. टिकाऊपणा येतो तो उष्णतेतून आणि हवाबंद वेष्टनातून.

मग मुदत मुळात असतेच कशासाठी, असा प्रश्न उरतो. कच्चे दूध डेअरीत थंड स्थितीत फार वेळ पडून राहिले तर थंडीतही वाढणारे जंतू त्यात विकरे सोडतात. जंतू यूएचटीत मरतात, पण त्यांची काही विकरे एवढ्या उष्णतेलाही पुरून उरतात आणि महिनोन्‌महिने प्रथिने व स्निग्धांश तोडत राहतात. त्यामुळे मुदत संपत आलेले यूएचटी दूध आंबट न होता कडवट लागते किंवा चिकट घट्ट होते. ते चुकीने साठवले, उन्हात ठेवले, तर हे आधीच घडते. याउलट डबा फुगलेला असेल तर वेष्टनातून जंतू आत गेले आहेत असे समजून, तारीख कितीही पुढची असली तरी, तो न उघडता टाकून द्यावा. आणि एकदा डबा उघडला की यूएचटी दुधाचे स्थान पाश्चराइज्ड पिशवीच्याच शेजारी, फ्रीजमध्ये असते. छापील तारीख बंद डब्याची असते, उघडलेल्या डब्यातील दूध दोन-तीन दिवसांतच संपवावे लागते.