शोरूमने सांगितलेला एक्स्चेंजचा भाव आणि जुन्या गाडीला खरोखर मिळालेले पैसे

शोरूममध्ये जुन्या गाडीची तपासणी होते आणि एक आकडा सांगितला जातो. तो जुन्या गाडीचा भाव आहे असं आपण धरून चालतो. पण विकणारा आणि घेणारा डीलर एकच असल्यामुळे त्याला नव्या गाडीवरची सूट थोडी आखडून जुन्या गाडीचा भाव फुगवता येतो. त्याच्या हिशोबात दोन्ही पैसे एकाच खिशातून जातात.

म्हणून डीलरकडे दोन कोटेशनं मागावीत: जुनी गाडी देऊन वर किती भरायचे, आणि ती न देता नवी गाडी कितीला पडेल. समजा नव्या गाडीची किंमत 100 आहे. एक्स्चेंजमध्ये जुनीला 30 मिळतात, म्हणजे वरचे 70 भरायचे. एक्स्चेंज नसेल तर तोच डीलर 6 ची सूट देऊन 94 ला गाडी देतो. 94 मधून 70 वजा केले की उरतात 24. जुन्या गाडीचे खरे पैसे एवढेच. बाहेर कोणी 28 देत असेल, तर 30 च्या आकड्याकडे बघून तो नाकारणं म्हणजे 4 सोडून देणं.

काही ठिकाणी कर नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवर न लागता फक्त फरकाच्या रकमेवर लागतो. तिथे हिशोब बदलतो. 10 टक्के कर धरा: एक्स्चेंजमध्ये 70 वर 7, एकूण 77. वेगळी विकली तर 94 वर 9.4, एकूण 103.4. आता बाहेरून 26.4 च्या वर मिळाले तरच फायदा. बाहेरच्या किमतीतून जाहिरात, किरकोळ दुरुस्ती आणि गाडी विकली जाईपर्यंतचा विमा हेही वजा करायला हवं.

डीलर कमी का देतो? तो गाडी दुरुस्त करून पुन्हा विकतो किंवा घाऊक व्यापाऱ्याला देतो, आणि दोन्हीकडे त्याला आपला नफा काढायचा असतो. चांगल्या स्थितीतल्या, सर्व्हिसच्या नोंदी असलेल्या, मागणीतल्या गाडीत हे अंतर मोठं असतं आणि ते थेट ग्राहक शोधणाऱ्याला मिळतं. उलट अपघात झालेली किंवा फार जुनी गाडी असेल आणि कंपनीचा एक्स्चेंज बोनस गाडीच्या स्थितीकडे न बघता सरसकट मिळत असेल, तर ती शोरूमलाच द्यावी. अशा गाडीला बाहेर ग्राहक मिळतो, पण प्रत्येक जण बॉनेट उघडून घासाघीस करतो. ते माझ्या मते फुकटचं दुखणं आहे.

कर्ज बाकी असलेली गाडी बाहेर विकायची तर आधी कर्ज फेडून बँकेचा बोजा उतरवावा लागतो. एक्स्चेंजमध्ये बहुतेकदा डीलर ते बघतो, पण बाकी रक्कम तो गाडीच्या भावातून कापून घेतो.

आणखी एक: नव्या गाडीला काही महिन्यांचं वेटिंग असेल, तर जुनीचा भाव ताब्याच्या दिवशी पुन्हा ठरणार का, हे बुकिंगच्या पावतीवरच लिहून घ्यावं. दरम्यान किलोमीटर वाढतात, एखादा ओरखडा पडतो, आणि तेव्हा भाव खाली आणला तर बुकिंग केलेल्या ग्राहकाकडे फारसा पर्याय उरत नाही.