गिळायची नसलेली कॅप्सूल

पंचवटीतल्या आमच्या शेजारच्या आजींना दम्यासाठी कॅप्सूलची बाटली आणि ती ओढायचं मशीन मिळालं. पंधरा दिवस झाले तरी धाप कमी होईना. मी म्हटलं, ‘‘आजी, औषध कसं घेता ते दाखवा बरं.’’ त्यांनी बाटलीतून कॅप्सूल काढली, जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला उचलला. मशीन खोक्यात कोरं करकरीत होतं.

चूक आजींची म्हणवत नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘1 कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ’. जन्मभर कॅप्सूल गिळलेल्या माणसाने याचा दुसरा काय अर्थ लावायचा? अमेरिकेच्या औषध नियामकालाही 2008 मध्ये याच चुकीबद्दल जाहीर सूचना काढावी लागली होती.

ही कॅप्सूल म्हणजे खरं तर एका वेळच्या पुडीची डबी. आजींच्या कॅप्सूलमध्ये 200 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड आणि 6 मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉल होतं. बाकीची पूड लॅक्टोजची, म्हणजे दुधातल्या साखरेची. एवढंसं औषध चिमटीत धरता येत नाही, म्हणून ते साखरेच्या जाडसर कणांवर बसवतात. जोरात श्वास ओढला की औषधाचे कण साखरेपासून सुटतात. त्यातले साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे कण श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांपर्यंत पोचतात. साखर मोठी, ती तोंडात आणि घशातच अडकते.

गिळल्यावर मात्र हीच पूड पोटात जाते. तिथून ब्युडेसोनाइड यकृतात पोचतं आणि पहिल्याच फेरीत त्यातलं सुमारे 90 टक्के निकामी होतं. 200 मधले उरले जेमतेम 20 मायक्रोग्रॅम, आणि तेही रक्तातून अंगभर पसरणार. सुजलेल्या श्वासनलिकेच्या वाट्याला काय येणार? म्हणून चुकून एखादी गिळली तर सहसा अपाय होत नाही, डॉक्टरांना तेवढं सांगावं. खरा धोका औषध घेतल्याच्या समाधानात आहे, कारण आजार आत वाढतच राहतो.

आजींना मग मशीन हातात दिलं. हात कोरडे करून कॅप्सूल वरच्या चौकोनी भोकात दाबली आणि खालचा भाग फिरवला. तेवढ्याने कॅप्सूलची दोन टोपणं सुटतात आणि पूड मोकळी होते. (काही मशीनमध्ये सुया कॅप्सूलला भोकं पाडतात.) आधी श्वास मशीनपासून दूर सोडायचा. मशीनमध्ये फुंकलं तर पूड उडते आणि वाफेने ओलीही होते. नंतर ओठ घट्ट मिटून एका दमात जोरात ओढायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा. पावसाळ्यात बाटलीचं झाकण लगेच लावलं पाहिजे. दमट हवेत पुडीच्या गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसापर्यंत जात नाहीत.

आजींनी ओढलं आणि म्हणाल्या, ‘‘गोड लागतंय गं!’’ ती लॅक्टोजची चव. मशीन उघडून पाहिलं, तर टोपणाला थोडी पूड चिकटलेली होती. मी पुन्हा एकदा ओढायला लावलं. मग त्यांनी चूळ भरून पाणी थुंकलं, कारण तोंडात राहिलेल्या ब्युडेसोनाइडमुळे जिभेवर पांढरी बुरशी धरते.

चिठ्ठीवर ‘1 कॅप्सूल’च्या पुढे मी लाल पेनाने लिहिलं, ‘मशीनमधून ओढायची’.